वजन अंगालगत

कापणी जवळ आली की आमच्या दुकानाच्या दाराला विळे टांगले जातात. पौडच्या बाजारात आमचं दोर, ताडपत्र्या, घमेली आणि विळ्यांचं दुकान आहे. भाताचा हंगाम तोच आमचा हंगाम. यंदाही विळे टांगलेत. सकाळच्या धुक्यानं पाती ओली होतात आणि अब्बा खुर्चीत बसून एकेक पातं फडक्यानं पुसतात. मागच्या वावरातून इंद्रायणी भाताचा वास येत असतो, कुणीतरी नुकतंच पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखा. या वासानं लोकांचा जीव सुखावतो म्हणे. मला मात्र हा वास आला की आधी काळं रबर आठवतं.

जिमच्या मागच्या भागात, जिथं वजनं ठेवलेली असतात, तिथं जमिनीवर जाड काळं रबर अंथरलेलं असतं. दुपारच्या उन्हात त्याला टायरच्या दुकानासारखा वास सुटतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, अशाच एका कापणीच्या हंगामात, मी रोज भाताच्या वासातून निघायची आणि पिरंगुटला त्या रबराच्या वासात पोचायची. तेव्हापासून हे दोन वास एकमेकांना चिकटून बसलेत, ते काही सुटत नाहीत.

त्या वर्षी पाऊस ओसरता ओसरता अब्बांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात आणि डावा पाय. बोलणं वाचलं, थोडं जड झालं एवढंच. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी आळीतल्या बायका अम्मीच्या गळ्यात पडून रडल्या, मग माझ्याकडे वळल्या आणि जागच्या जागी थांबल्या. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांना पुढं काय करावं ते कळेना. मी चहा टाकायला आत गेले. मला काही वाटतच नव्हतं. दुःख आत दाबून ठेवलंय वगैरे असं काही नाही. खरोखरच काही वाटत नव्हतं. मी कॉलेजला जात होते, वनस्पतिशास्त्राच्या आकृत्या काढत होते, जेवत होते. जेवताना मिठाची चव कळायची, पण मीठ जास्त झालंय की कमी, ते सांगता यायचं नाही.

मुळात मी लाजरी. हजेरीला माझा आवाज फुटायचा नाही, तेव्हा शेजारची मैत्रीण माझ्याकडे बोट दाखवायची. कंडक्टरला बेल मारायला सांगायचं धाडस न झाल्यानं पुढच्या थांब्यावर उतरून मागं चालत आलेली मी मुलगी. त्या हंगामात तर मी जवळपास बोलेनाशीच झाले. घरात कुणाला ते वेगळं वाटलं नाही.

अब्बांना उठवायला सकाळ-संध्याकाळ सलीमचाचा यायचे. त्यांचं शेजारी सायकलचं दुकान, आणि अब्बांचे ते लहानपणचे दोस्त. कमरेत हात घालून ते अब्बांना पलंगावरून उचलायचे आणि बाजूला ठेवलेल्या संडासच्या खुर्चीवर बसवायचे. पुढचं अम्मी बघायची. मधला सगळा दिवस घरात अम्मी, आणि कॉलेज नसलं तर मी. अम्मी अंगानं लहानखुरी, त्यात गुडघे गेलेले. मग अब्बांनी यावर आपल्यापुरता उपाय काढला. त्यांनी पाणी प्यायचं सोडलं.

"तहान न्हाई," म्हणायचे. ओठांना भेगा पडल्या होत्या. डॉक्टरांनी अम्मीला झापलं, की पाणी पाजा, असंच चाललं तर दुसरं दुखणं मागं लागेल.

"पीतच न्हाईत," अम्मी म्हणाली. "काय नळीनं ओतू व्हय?"

ते पाणी का पीत नाहीत हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. तांब्या भरून उशाला ठेवायचा आणि संध्याकाळी तसाच उचलून झाडाला ओतायचा, असं चाललं होतं.

एका दुपारी त्यांची चुळबुळ पाहून मीच उचलायला गेले.

"तुला न्हाई जमायचं, यासे," अब्बा म्हणाले. माझं नाव यास्मिन, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर.

"जमंल."

मी त्यांच्यापासून हातभर लांब उभी राहिले, वाकले, दोन्ही बगलांत हात घातले आणि तोंड खिडकीकडे वळवलं. अब्बांनी त्यांचं तोंड भिंतीकडे वळवलं. मी ओढलं. ते वीतभर उठले. मग सगळं ओझं एकदम माझ्या कमरेत आलं, हात सुटले आणि अब्बा पलंगाच्या कडेवरून घसरत खाली फरशीवर बसले. लागलं नाही. पण आम्हा दोघींना त्यांना परत वर घेता येईना. अम्मीनं पाठीशी उशी दिली, गोधडी पसरली. आम्ही तिघं सलीमचाचांचं दुकान बंद व्हायची वाट बघत खालीच बसून राहिलो. अम्मी ताटात तांदूळ निवडत होती. बाहेरून भाताच्या पेंढ्यांनी भरलेली ट्रॉली गेली, दार हादरलं. अब्बांची लुंगी ओली झाली होती. तिघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

व्यायाम घ्यायला फिजिओथेरपीची मुलगी घरी येत असे. तिला अम्मीनं हे सांगितलं. ती म्हणाली, त्यांना दिवसातून जितक्या वेळा उभं कराल तितका पाय लवकर जागा होईल, नाहीतर आखडेल. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू अशीच उचलत राहिलीस, तर एक दिवस दोघंही पडाल. आधी तुझी पाठ तयार कर. वजन उचलणं हीसुद्धा शिकायची गोष्ट असते."

पिरंगुटला माझ्या कॉलेजपासून जवळच, टायरच्या दुकानावर, एक जिम होतं. पुढच्या बाजूला काच, काचेशी चालायची मशीन आणि सायकली. तिथं बायका. मागं अर्ध्या भिंतीपलीकडं आरसे, लोखंड आणि ते काळं रबर. तिथं कारखान्यांतली, दुसऱ्या पाळीला जाणारी मुलं, कंपनीचे टीशर्ट घालून. बायकांनी मागं जाऊ नये अशी पाटी नव्हती. पाटी लागतही नाही. मी कितीतरी दिवस पुढंच मशीनवर चालले. समोर रस्ता, पीएमटीच्या बस, भाताच्या ट्रॉल्या. मी चालत होते आणि होते तिथंच होते. घरी तांब्या भरलेलाच होता.

मग एक दिवस मशीन बंद केलं, ओढणीची कमरेला गाठ मारली आणि भिंतीपलीकडं पाय टाकला. रबर पायाखाली जरासं दबलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. आरशात मीच मला सगळीकडून दिसत होते, ते जास्त वाईट. हातांचं काय करावं कळेना. अशा वेळी काय करायचं हे आम्हा मुलींना लहानपणापासून माहीत असतं. पसारा आवरायचा. पाहुण्यांकडे गेलं आणि अवघडल्यासारखं झालं की आम्ही उठून कपबशा विसळतो. समोर स्टँडवर एक दांडा कुणीतरी दोन्ही टोकांना मोठ्या मोठ्या प्लेटा लावून तसाच ठेवून गेलं होतं. मी प्लेटा अडवणारी उजवीकडची पकड काढली आणि त्या बाजूच्या प्लेटा एकेक करून उतरवायला लागले. खाली मोठी, वर लहान, अशा भिंतीशी छान रचल्या. शेवटची हातात आली आणि दांड्याचं उजवं टोक आपोआप वर उठलं.

डावीकडच्या प्लेटांनी दांडा खेचला. तो स्टँडवरून उलटला, माझ्या कानाजवळून सणसणत गेला आणि खाली असा आदळला, की खालचा टायरवाला जिन्यात येऊन वर बघायला लागला. सगळे थांबले. एक मुलगा धावत आला.

"लगी तो नहीं?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. मग तो जरा अवघडून म्हणाला, "एक इधर से निकालते हैं, एक उधर से."

त्याच्या मागून वैशालीताई आल्या. दुपारच्या बॅचला शिकवायच्या. मूळच्या अकोल्याच्या, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी सूसच्या सोसायटीत येऊन राहिलेल्या.

"काय व बाई," त्या म्हणाल्या, "तराजू नाही पाह्यला का कधी?"

मी दुकानदाराची मुलगी. मी निघायलाच वळले होते. पण त्यांनी प्लेटा उचलता उचलता विचारलं, "तुले काय पाह्यजे? बारीक व्हायचं हाय?"

"वडलांना उचलायचंय," मी म्हणाले. ते बाहेर कसं पडलं मला कळलं नाही. त्या महिन्यातलं ते माझं सगळ्यात मोठं वाक्य असावं.

वैशालीताईंनी अरेरे म्हटलं नाही. "किती किलोचे हायेत?" एवढंच विचारलं.

मला सांगता आलं नाही. दुकानातल्या दोराच्या प्रत्येक भेंडोळ्याचं वजन मला पाठ होतं, अब्बांचं माहीत नव्हतं.

त्यांनी सुरुवातीला लोखंडाला हात लावू दिला नाही. फरशी पुसायची काठी आणली आणि माझ्या पाठीवर उभी धरायला लावली. डोक्याला, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला ती टेकलेली असली पाहिजे. आता असं वाकायचं, की तिन्हीतलं एकही ठिकाण सुटता कामा नये. मी वाकले की मधली जागा आधी सुटायची, कारण मी जन्मभर कमरेतून वाकत आलेली. केर काढताना, बादली उचलताना, अब्बांना उचलताना.

"कमरेतून नाही, खुब्यातून," त्या म्हणायच्या. "हातात भरलेली घागर हाय अन् ढुंगणानं दार लोटायचं हाय, असं समज."

चार पुरुषांसमोर हा शब्द ऐकून माझे कान तापले. पण दार लोटायला मात्र जमलं. पार्श्वभाग मागं गेला, मांड्यांचा मागचा भाग ताणला, पाठ सरळ राहिली आणि काठी तीनही ठिकाणी टेकलेली राहिली.

मग दांडा. त्याला हलक्या, लहान प्लेटा लावल्या की तो जमिनीच्या फार जवळ राहतो, म्हणून त्यांनी दोन्हीकडे रबराच्या लाद्या रचून तो नडगीच्या मध्यावर येईलसा केला. पाय खुब्यांइतके फाकवून उभं राहायचं, दांडा बुटाच्या नाडीवर यायला हवा. वाकून गुडघ्यांच्या बाहेरून धरायचा. नडगी दांड्याला लागेपर्यंत गुडघे मोडायचे, छाती पुढं काढायची, बगला आवळायच्या. पोटात श्वास भरायचा आणि कुणी गुद्दा मारणार असल्यासारखं पोट घट्ट करायचं. मग ओढायचं नाही. पायांनी जमीन खाली ढकलायची.

"हात म्हणजे नुसते दोर," वैशालीताई म्हणाल्या. "दोर वढत नाही. दोर धरून राह्यते." दोरांबद्दल मला कुणी काही सांगायची गरज नव्हती, पण हे खरंच मला माहीत नव्हतं.

दांडा उठला. पण माझी पाठ लगेच कुरकुरली, अगदी त्या दुपारच्या जागी. वैशालीताईंनी दांडा खाली ठेवायला लावला आणि माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "इतका दूर काऊन धरतेस व? लोखंड हाय ते, सासरा नाही तुया."

मी दांडा अंगापासून वीतभर लांब ठेवला होता. सलवार अडकेल म्हणून, असं मी म्हणाले. त्यांनी पाण्याची भरलेली बादली आणली. आधी मांडीला लावून धरायला सांगितली, मग तीच हात लांब करून. "बादली तेवढीच हाय ना? मंग पाठ कायले बोंबलते? दूर धरलेलं वजन पाठीवर येते. जवळ घेतलं की पाय उचलतात."

दुसऱ्या दिवशी मी ट्रॅकपँट आणि लांब मोजे घालून गेले. या खेपेला दांडा नडगीला घासत, गुडघ्यावरून, मांडीला लागून वर आला. सरळ उभी राहिले. पाठीत काही नाही. लोखंड गार होतं आणि मांडीला टेकलेलं होतं. आरशात मी मला दांडा धरून उभी असलेली दिसले आणि एकदम कळलं, की अब्बांना मी हात लांब करून उचलायला गेले होते.

दुसरं कसं उचलणार होते? मी मोठी झाले तशी आमच्यात हातभर जागा आली, अदबीची. कुणी ठरवून आणली नाही. ईदला सलाम केला की डोक्यावर हात, परीक्षेला निघाले की लांबूनच "जा, नीट लिही." त्यांची माया कमी होती असं नाही. पण मी त्यांना शेवटचं कधी धरलं होतं, ते आठवेना. ही गोष्ट वाईट वाटण्यासारखी आहे, असं मी तिथं उभ्या उभ्या मनात म्हटलं. वाटलं मात्र काही नाही. "खाली ठेव आता," वैशालीताई म्हणाल्या, "घरी नेते काय?"

पुढचे दिवस एकसारखे गेले. येताना-जाताना बसमधून वावरं रिकामी होत गेलेली दिसायची, पेंढ्यांच्या गंजी चढत गेलेल्या दिसायच्या. लाद्या निघाल्या, प्लेटा वाढल्या. बोटांच्या मुळाशी घट्टे आले. दुसऱ्या पाळीची मुलं मी आले की एक दांडा मोकळा करून द्यायची; त्यांच्याशी मी एकदाही बोलले नाही. एका दुपारी वैशालीताई बाकावर बसल्या, डावं अंग सैल सोडलं आणि म्हणाल्या, "मी तुया बाप. उचल." फिजिओच्या मुलीनं दाखवलं होतं तसं मी केलं. त्यांचा लुळा गुडघा माझ्या दोन गुडघ्यांत धरला, कमरेच्या पट्ट्याला मागून पकडलं. बाप झालेल्या वैशालीताई मुद्दाम जड होऊन बसल्या होत्या. तिसऱ्या खेपेला उठल्या. "जा," म्हणाल्या, "आता खरा उचल."

अब्बा उताणे पडून छताकडे बघत होते. मी ती संडासची खुर्ची त्यांच्या उजव्या, चांगल्या बाजूला आणून ठेवली. अम्मी दारात उभी राहिली, हातात पदर धरून.

"नगं यासे," अब्बा म्हणाले. "परत पडायचं का आपन?"

"न्हाई पडत."

त्यांना कडेला बसवलं. पायांचे तळवे जमिनीला टेकवले, जरा मागं घेतले. त्यांच्या कमरेला दुकानातला रुंद पट्टा बांधला. मग मी पुढं सरकले. अजून पुढं. त्यांचा डावा गुडघा माझ्या गुडघ्यांत आला. अब्बांनी सवयीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"अब्बा, हिकडं. माझ्या खांद्यावर हनुवटी टेका. पुढं वाका. चांगला हात माझ्या पाठीवर."

ते क्षणभर तसेच राहिले. मग टेकवली हनुवटी. दाढीचे खुंट मानेला टोचले. त्यांच्या अंगाला तेलाचा, औषधाचा आणि त्याखाली कुठंतरी अजून दुकानातल्या काथ्याचा वास होता. मी पट्टा धरला, खुबे मागं नेले, पोटात श्वास भरला. "एक, दोन, तीन." जमीन खाली ढकलली.

अब्बा उठले. सगळेच्या सगळे, माझ्या अंगालगत. मला वाटलं होतं तेवढे ते जडही नव्हते. आम्ही दोघं उभे होतो, त्यांचा श्वास माझ्या कानात येत होता. मग पाऊल पाऊल वळलो आणि मी त्यांना खुर्चीवर हळू बसवलं, आधी खुबे मागं, मग गुडघे. मी बाहेर गेले. थोड्या वेळानं अम्मीनं हाक मारल्यावर परत तसंच उचलून त्यांना पलंगावर घेतलं.

अब्बा उशीला टेकले. मग म्हणाले, "तो तांब्या दे हिकडं."

ते तोंड लावून अर्धा तांब्या एका दमात प्यायले. हनुवटीवरून पाणी छातीवर ओघळलं. अम्मी पुसायला पुढं झाली, तर तिला हातानं बाजूला केलं आणि उरलेलाही प्यायले. "गार हाय," म्हणाले. "आनखी दे." मी स्वयंपाकघरात तांब्या भरायला गेले. नळाखाली तो भरून वाहायला लागला तरी मला कळलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रडू म्हणावं असंही नव्हतं ते. नुसतंच येत होतं. त्या रात्रीच्या डाळीत मीठ जास्त होतं. मी अम्मीला तसं म्हणालेही.

आता अब्बा काठी घेऊन चालतात. दुकान त्यांनी परत उघडलं. मी पिरंगुटला अजून जाते, दांडा उचलते, नव्या मुलींना बादली धरायला लावते. अब्बांना मात्र उचलावं लागत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे, रोज मनात अल्लाचा शुक्र मानावा अशी. फक्त ते जसजसे बरे होत गेले, तसतशी ती जुनी हातभर जागा परत आली. जवळ जायला कारण उरलं नाही आणि बिनकारणाचं जवळ जायची आमच्यात पद्धत नाही.

आज दुपारी जेवायला घरी जाताना मी त्यांची काठी पुढं केली. अब्बांनी पुसलेला विळा खिळ्याला अडकवला, काठीकडे पाहिलं, पण घेतली नाही.

"यासे, जरा उठव."

त्यांना उठता येतं. कालच दुकानात शिरलेल्या शेळीला हाकलायला ते काठीशिवाय उठलेले मी पाहिलेत. मी काठी भिंतीला लावली, पाय ठेवले, जवळ सरकले. त्यांनी हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली. "एक, दोन, तीन."

माझ्या पाठीला काही जाणवलं नाही, पायांनाही नाही. ते त्यांचे तेच उभे राहिले होते. समोर दोर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पायरीवर थांबलं होतं.

"झालं, अब्बा," मी म्हणाले.

"थांब की जरा," अब्बा म्हणाले.